गोदावरीचं पाणी आटवलं तर मीठ का उरत नाही? (समुद्राच्या खारेपणाचा न जुळणारा हिशोब)

मीरा_सातपूर
घरी फिल्टर बसवायला आलेल्या माणसाने नळाच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवला. आकडा १३० च्या आसपास आला, म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम क्षार. नळाला येतं ते गंगापूर धरणाचं, म्हणजे गोदावरीचंच पाणी. समुद्रात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात.

शाळेत शिकवलं ते आठवतं: नद्या क्षार वाहून आणतात, समुद्राचं पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात आणि साठतात. ऐकायला बरोबर वाटतं. पण माझ्या गीझरच्या कॉइलवर याच पाण्याचा जो पांढरा थर बसतो, त्याचा एक टवका काढून जिभेवर ठेवला. (नवरा म्हणाला, आता तेवढंच राहिलं होतं.) अजिबात खारट नाही, पाटीवरच्या पेन्सिलीसारखा लागतो. नदीने नेलेले क्षार जर असे असतील, तर ते कितीही साठले तरी समुद्र खडूच्या चवीचा व्हायला हवा. खारट कसा झाला?

सरळ_हिशोब
यात अवघड काही नाही. तुमच्या १३० मिलिग्रॅममध्ये थोडं मीठही आहे, जिभेला कळत नाही एवढंच. नद्या कोट्यवधी वर्षं ते नेत आहेत. पाणी ढग होऊन परत येतं, मीठ येत नाही. म्हणून समुद्र खारट आहे आणि दरवर्षी आणखी खारट होतोय. मृत समुद्र हे त्याचंच छोटं रूप. नदी गोड लागते कारण तिच्यातलं पाणी रोज नवं असतं.

द्राक्षबाग_निफाड
ताई, १३० म्हणजे तुमचं पाणी अमृत आहे. माझ्या बोअरचा टीडीएस १४०० च्या पुढे. ठिबकचे ड्रिपर दर हंगामात चोक होतात, ॲसिड सोडावं लागतं. घराला आरओ बसवलाय, पण बागेला कोणता फिल्टर चालेल? कोणी वापरला असेल तर कंपनी नका सांगू, प्रकार सांगा.

पंचवटीकर
भाऊ, धागा समुद्राचा आहे, बागेचा नाही 😀

खडककाका
असू द्या हो पंचवटीकर, निफाडकरांनी नकळत उत्तराची सुरुवातच करून दिली आहे. भाऊ, ड्रिपरवरच्या पांढऱ्या थरावर ॲसिड पडलं की काय होतं?

द्राक्षबाग_निफाड
फसफसतं आणि विरघळतं.

खडककाका
बस. तो चुना आहे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मीठ असतं तर फसफसलं नसतं, आणि ड्रिपरही चोक झाले नसते, कारण मीठ पाण्याबरोबर निघून गेलं असतं. मीराताईंच्या गीझरमध्ये तेच आहे. माझं आयुष्य विहिरींचं पाणी तपासण्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रह्मगिरीवर पडणारा पाऊस हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतो. आपला सगळा खडक काळा बेसाल्ट. हे आंबट पाणी तो फार हळू कुरतडतं. त्यातून कॅल्शियम निघतं, मॅग्नेशियम निघतं, थोडं सोडियम आणि बरीच सिलिका. आंबटपणा खर्च होऊन त्याचा बायकार्बोनेट होतो. म्हणून गोदावरीच्या वरच्या भागात पाण्यातला मोठा वाटा कॅल्शियम आणि बायकार्बोनेटचा. पाणी तापलं किंवा आटलं की या दोघांचा चुना होऊन बसतो. ताईंच्या जिभेने बरोबर सांगितलं.

आता सरळ_हिशोब यांच्या म्हणण्याचा खरोखर हिशोब करून बघू. जगातल्या नद्यांची सरासरी घेतली तर लिटरमागे सोडियम साधारण ६ मिलिग्रॅम, क्लोराइड ८, कॅल्शियम १५ आणि बायकार्बोनेट ५८. समुद्रात सोडियम लिटरमागे जवळपास ११ ग्रॅम आहे. म्हणजे फक्त सोडियम जुळवायचं म्हटलं तरी नदीचं पाणी सुमारे १८०० पट आटवावं लागेल. मग त्याच हिशोबाने कॅल्शियम २७ ग्रॅम आणि बायकार्बोनेट १०० ग्रॅमच्या वर गेलं पाहिजे. प्रत्यक्ष समुद्रात कॅल्शियम आहे ०.४ ग्रॅम आणि बायकार्बोनेट ०.१४ ग्रॅमच्या आसपास.

सिलिकाची तर आणखी गंमत. नदीत ती लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर असते आणि समुद्राच्या वरच्या थरात बहुतेक ठिकाणी त्याहून कितीतरी कमी. ज्यात सगळं साठत जातं म्हणायचं, त्याच समुद्रात नदीपेक्षा कमी! म्हणून समुद्र हे आटवलेलं नदीचं पाणी नाही.

सरळ_हिशोब
काका, मग पुस्तकं खोटी का? नद्या मीठ नेतात हे तुम्हीही नाकारत नाही आहात.

खडककाका
नाकारत नाही. नद्या नेतात हे खरंच आहे. नेलेलं सगळं साठतं, हे खरं नाही.

त्र्यंबकच्या धर्मशाळेचं बघा. एक रात्र राहून निघणारे यात्रेकरू रोज शंभर येतात आणि चातुर्मासभर मुक्काम करणारे रोज पाच येतात. श्रावण संपताना आत डोकावलं तर गर्दी कोणाची दिसेल? मुक्काम करणाऱ्यांची, जरी दारातून येणाऱ्यांत ते थोडे असले तरी. समुद्रात कॅल्शियम हा एका रात्रीचा पाहुणा. शंख, शिंपले, पोवळी आणि मुख्य म्हणजे पृष्ठभागावर तरंगणारे डोळ्यांना न दिसणारे जीव त्याची कवचं करतात. ते मेले की कवचं तळाशी जातात आणि कालांतराने त्याचा चुनखडक होतो. सिलिका डायॅटम नावाचे सूक्ष्म शेवाळजीव उचलतात. सोडियम आणि क्लोराइड कोणाला कवचासाठी लागत नाहीत, चटकन कशाशी बांधलेही जात नाहीत. ते राहतात.

किती राहतात तेही काढता येतं. समुद्रात सुमारे १३३ कोटी घन किलोमीटर पाणी आहे आणि सगळ्या नद्या मिळून वर्षाला ३७ हजार घन किलोमीटरच्या आसपास ओततात. म्हणजे रिकामा समुद्र नद्यांनी भरायला ३६ हजार वर्षं. सोडियम १८०० पट आहे, म्हणजे आज तिथे असलेलं सोडियम आणायला नद्यांना साधारण साडेसहा कोटी वर्षं लागतील. कॅल्शियमचा तोच हिशोब दहा लाख वर्षांवर येतो. हाच त्यांचा सरासरी मुक्काम.

वाचनवेडा_कॉलेजरोड
हा साडेसहा कोटीचा आकडा बघून जॉन जोली आठवला. आयर्लंडचा शास्त्रज्ञ. त्याने १८९९ मध्ये अगदी हेच गणित करून पृथ्वीचं वय ८ ते ९ कोटी वर्षं काढलं होतं. मूळ कल्पना धूमकेतूवाल्या हॅलीची, १७१५ ची. म्हणजे समुद्राच्या मिठावरून पृथ्वीचं वय कळतं. भारी पद्धत आहे ना?

पंचवटीकर
पण पृथ्वी तर साडेचारशे कोटी वर्षांची आहे. मग भारी कसली?

खडककाका
गणित चोख होतं, गृहीतक गडबडलं. जोलीने धरलं की समुद्रात गेलेलं सोडियम बाहेर पडतच नाही. खोलीत आलेले लोक मोजले, मागच्या दाराने गेलेले मोजले नाहीत. त्याला मिळालं ते पृथ्वीचं वय नव्हतं, सोडियमचा मुक्काम होता. एका अर्थी फार उपयोगी आकडा, फक्त नाव चुकीचं.

मागचं दार तुमच्या सगळ्यांच्या घरात आहे. उपासाला सैंधव वापरता ना? पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं मीठ म्हणजे पन्नास कोटींहून जास्त वर्षांपूर्वी एका उथळ समुद्राचा तुकडा अडकून आटला, त्याचा थर. समुद्रातून मीठ मोठ्या प्रमाणात बाहेर पडतं ते असं. भूमध्य समुद्राचा अटलांटिकशी संबंध साधारण ६० लाख वर्षांपूर्वी जवळपास तुटला, तेव्हा काही ठिकाणी किलोमीटरहून जाड मिठाचे थर बसले. ते आजही त्याच्या तळाखाली आहेत.

आगरी_पोर
मी मूळचा उरणचा, सध्या अंबडला नोकरीला. मिठागर लहानपणापासून बघितलंय, म्हणून काकांच्या बोलण्याला माझी जोड. भरतीचं पाणी आत घेतल्यावर लगेच मीठ होत नाही. ते एका कोंडीतून दुसरीत फिरवत आटवतात. आधी चुन्याची किंचित साय, मग पाणी पाचव्या हिश्श्याच्या आसपास आलं की जिप्समचे बारीक स्फटिक, आणि दहाव्या हिश्श्याला आलं की मीठ धरतं. म्हणून जिप्सम आधीच्या कोंडीत सोडून पाणी पुढे घेतात, नाहीतर मीठ खराब होतं. शेवटी जे पाणी उरतं ते कडू असतं, मॅग्नेशियमचं. ते वेळेत काढून टाकलं नाही तर मीठ ओलसर राहतं आणि कडवट लागतं. आमच्याकडे म्हातारे चव घेऊन सांगायचे की आता सोडा.

लिटरभर समुद्राच्या पाण्यातून मीठ निघतं २७ ग्रॅमच्या आसपास, बाकी हे सगळं. चुना अगदी नावाला.

मीरा_सातपूर
आगरी_पोर, हे फार आवडलं. म्हणजे दोन्हीकडे पाणी आटतंय, पण माझ्याकडे नुसता चुना आणि तुमच्याकडे मीठ.

पण काका, तुम्ही सोडियम समजावलंत, क्लोराइड राहिलं. बेसाल्टमधून काय काय निघतं ती तुमची यादी मी परत वाचली. त्यात क्लोराइड नाहीच.

खडककाका
ही शंका यायलाच हवी होती. बेसाल्टमध्ये क्लोरीन जवळजवळ नसतं. मग गोदावरीत जे थोडं क्लोराइड आहे ते कुठून येतं? बरंचसं समुद्रातून.

लाटा फुटतात तेव्हा बुडबुड्यांतून अतिशय बारीक तुषार उडतात. ते वाळून मिठाचे सूक्ष्म कण हवेत राहतात आणि पुढे त्यांच्याभोवतीच ढगाचे थेंब धरतात. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. मोसमी वारे ते कण सह्याद्रीवर आणून पावसाबरोबर टाकतात. म्हणून सरळ_हिशोब यांचं ‘मीठ ढगातून परत येत नाही’ हे वाक्य वाफेपुरतंच खरं. वाफेबरोबर येत नाही, तुषारांबरोबर येतं. आणि आपल्याकडे आणखी मजा म्हणजे अरबी समुद्राचं हे मीठ गोदावरी १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरात नेऊन टाकते. ही नवी भर नाही, जुन्याच मिठाची फेरी आहे.

जगात काही नद्या जुने मिठाचे थर धुऊन नेतात, त्यांचं क्लोराइड जास्त. पण ते थरही कधीकाळी समुद्रातूनच आलेले. म्हणजे समुद्रातल्या क्लोराइडचा उगम नद्यांमध्ये शोधून सापडत नाही. ते पृथ्वीच्या पोटातून आलं आहे. ज्वालामुखीच्या वायूंमध्ये वाफेबरोबर हायड्रोजन क्लोराइड असतो. पृथ्वी तरुण असताना असे वायू प्रचंड बाहेर पडले, पाण्यात विरघळले आणि त्या आम्लाने खडक खाऊन सोडियम वगैरे सोडवून घेतलं. समुद्र बहुधा अगदी सुरुवातीपासून खारट आहे. मीठ हे जोडप्यासारखं दिसतं, पण सोडियम खडकाचं आणि क्लोराइड पोटातल्या वायूंचं.

पंचवटीकर
म्हणजे समुद्र आधी गोड होता आणि मग नद्यांनी हळूहळू खारट केला, ही गोष्टच बाद. अगस्तींनी प्यायला तोही खाराच असणार तर. बिचारे.

मेहकरकर
वाचतोय कधीचा. आमच्या लोणारचं काय? तेही बेसाल्टमध्ये, त्यालाही बाहेर वाट नाही, आणि पाणी खारं. सरळ_हिशोब म्हणतात तसं साठूनच झालं ना ते?

सरळ_हिशोब
तेच तर! लोणारला नद्या-झरे आत, वाट बाहेर नाही, म्हणून खारं. माझा मुद्दा शाबूत.

खडककाका
लोणारला तुमचा मुद्दा लागू आहे, शंभर टक्के. आणि म्हणूनच समुद्राला तो लागू नाही.

बेसाल्टचं पाणी बंद खळग्यात आटवत ठेवलं तर काय होतं ते लोणार दाखवतं. आधी कॅल्शियम चुन्याच्या रूपात बाहेर पडतं. गोदावरीसारख्या पाण्यात कॅल्शियमपेक्षा बायकार्बोनेट जास्त असतं, म्हणून कॅल्शियम आधी संपतं आणि उरलेलं कार्बोनेट सोडियमला धरतं. झाला धुण्याचा सोडा. लोणारच्या पाण्याचा पीएच १० च्या आसपास आहे, बोटांना बुळबुळीत लागतं. समुद्राचा ८ च्या जरा वर. लोणारचा खार पूर्वी काढला जायचा. तिथे साबण आणि काचेला लागणारा माल मिळतो, असा उल्लेख आईन-इ-अकबरीत आहे. समुद्रकाठच्या मिठागरातून साबणाचा सोडा कोणी काढत नाही, कारण तिथे उलटं आहे. समुद्रात कार्बोनेटच्या मानाने कॅल्शियम जास्त, म्हणून तिथे आधी कार्बोनेट संपतं. आगरी_पोर यांनी सांगितलेली ती किंचित साय म्हणजे हेच, आणि उरलेलं कॅल्शियम पुढे जिप्सममध्ये जातं.

फक्त नद्यांनी भरलेला आणि आटलेला समुद्र असता तर तो पुष्कळसा लोणारसारखा, सोड्याचा झाला असता.

मेहकरकर
पण लोणारच्या पाण्यात मीठही भरपूर आहे काका, नुसता सोडा नाही. बेसाल्टमध्ये क्लोरीन नाही म्हणता, मग ते?

खडककाका
आहे, आणि चांगलंच आहे. माझं मत असं की पावसाबरोबर थोडं थोडं आलेलं क्लोराइड बाहेर पडायला वाटच नाही, म्हणून साठलं. पण आजूबाजूच्या झऱ्यांतून आणि जमिनीखालून किती येतं यावर माझी पैज नाही. तलावाचं वय किती धरता यावरही ते अवलंबून, आणि त्याच्या वयावरच अभ्यासकांचं एकमत नाही.

वाचनवेडा_कॉलेजरोड
मॅग्नेशियमचं कोणी बोललंच नाही. ते मिठागरात शेवटपर्यंत पाण्यात राहतं, म्हणजे सहज बसत नाही. कवचांतही फार जात नाही. मग ते सोडियमसारखं साठायला हवं होतं, पण समुद्रात ते लिटरमागे १.३ ग्रॅमच आहे.

खडककाका
छान पकडलंत. याचं एक मोठं उत्तर १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ सापडलं. समुद्रतळाला जिथे भेगा पडून नवा बेसाल्ट तयार होतो, तिथे समुद्राचं पाणी आत मुरतं, प्रचंड तापतं आणि गरम झऱ्यांतून परत येतं. बाहेर येईपर्यंत त्यातलं मॅग्नेशियम जवळपास सगळं खडकाने काढून घेतलेलं असतं, बदल्यात कॅल्शियम दिलेलं असतं. म्हणजे खडक आणि पाण्याचा व्यवहार नद्यांतच नाही, तळाशीही चालू असतो. पण त्या मार्गाने वर्षाला नेमकं किती मॅग्नेशियम जातं, यावर वाद संपलेला नाही.

सरळ_हिशोब
बरं, एका प्रश्नाचं सरळ उत्तर द्या. समुद्र आज जास्त खारट होतोय की नाही?

खडककाका
सरळ उत्तर नाही देता येणार. सध्या भूमध्य समुद्रासारखं मोठं खोरं कुठेही आटत नाहीये, म्हणजे मोठं मागचं दार बंद आहे. सोडियमसाठी चिखलातली मातीची द्रव्यं आणि तळातला तापलेला खडक अशा लहान वाटा आहेत, क्लोराइडसाठी त्याही फारशा नाहीत. त्यावरून किंचित वाढत असावा असा तर्क करता येतो. पण नद्यांनी आणलेलं सगळं सोडियम साठलं असं धरलं तरी दहा लाख वर्षांत दीड टक्का वाढ, आणि नद्यांच्या मिठात फेरीचं मीठ वजा केलं की त्याहूनही कमी. मधेच एखादं हिमयुग येऊन पाणी बर्फात अडकवतं तेव्हा खारेपणा त्याहून किती तरी जास्त हलतो. तुमच्या ‘दरवर्षी’ला हे मोजमाप पुरणार नाही.

सरळ_हिशोब
म्हणजे वाढतोय.

पंचवटीकर
😀😀

मला वेगळंच विचारायचंय. शहर सोडल्यानंतर खाली दसक-ओढ्याकडे गोदावरीचं क्लोराइड वाढलेलं दिसतं, असं एका ओळखीच्या लॅबवाल्याने सांगितलं. तिथे तर समुद्राचा वारा जास्त नाही.

खडककाका
तो तुमचा-आमचा वारा आहे. जेवणातलं मीठ मूत्रातून सांडपाण्यात जातं, आणि सांडपाणी शुद्ध करतानाही क्लोराइड तसंच राहतं. म्हणून वरच्या आणि खालच्या नमुन्यातला फरक हा सांडपाणी मिसळल्याचा जुना खूणपट्टा आहे. बेसाल्टच्या प्रदेशात तो जास्त उपयोगी, कारण खडकाकडून क्लोराइड येतच नाही. टीडीएस मीटरने हे कळणार नाही हं. तो फक्त वीज किती वाहते ते बघतो, चुना की मीठ ते त्याला कळत नाही. सिल्व्हर नायट्रेटची चाचणी करावी लागते. पिण्याच्या पाण्याला क्लोराइडची मर्यादा २५० मिलिग्रॅम धरतात.

द्राक्षबाग_निफाड
मग काका माझं ऐका. मागच्या पाणी-रिपोर्टमध्ये कॅल्शियम तर जास्त आहेच, पण क्लोराइड ३१० लिहिलंय. बोअर बेसाल्टमध्ये, जवळ गाव नाही, सांडपाणी नाही. समुद्र निफाडपासून लांब. पानांच्या कडा करपतात ते वेगळंच. हे मीठ आलं कुठून?

खडककाका
पोटॅश कोणतं टाकता?

द्राक्षबाग_निफाड
आता सल्फेट. पण वडिलांच्या वेळी बरीच वर्षं म्युरेटच टाकायचो, स्वस्त पडायचं.

खडककाका
म्युरेट म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. पोटॅश वेलीने आणि मातीने धरलं, क्लोराइड पाण्याबरोबर खाली मुरलं. तेही कुठल्यातरी जुन्या आटलेल्या समुद्राच्या थरातून खणून आणलेलं. पण सगळे ३१० त्याचेच असं मी छातीठोक म्हणणार नाही. बोअरचंच पाणी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बागेला दिलं की दर फेरीत पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, तोही भाग असेल. शेजारच्या ज्या शेतात कधी म्युरेट पडलं नाही, तिथल्या बोअरचा रिपोर्ट मिळतो का बघा, आणि दोन्हींत नायट्रेट किती आहे तेही लिहा. क्लोराइड दोन्हीकडे सारखंच निघालं तर म्युरेटचा संशय कमी होईल.

द्राक्षबाग_निफाड
शेजारी चुलत्यांचा कांदा आहे. बोलणं नाही आमचं, पण नमुना आणायची सोय करतो.